सात की चौदा? दारूच्या सवयीचा स्कोअर नेमका कसा मोजतात

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. ज्यांनी लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांनी उरलेला इथे वाचावा. आकडे बरेच आहेत, त्यामुळे हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जाईल.

आजचा विषय आहे ऑडिट. सीए लोकांचं नाही, दारूचं. जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून ऑडिट हे नाव झालं. आपण किती पितो, आणि त्या पिण्यानं आपलं काय होतंय, याचा अंदाज ती ० ते ४० या स्कोअरमध्ये देते. मी ती दोनदा सोडवली. पहिल्यांदा सात आले, दुसऱ्यांदा चौदा. दोन्हींमध्ये फक्त नऊ दिवसांचं अंतर होतं आणि त्या नऊ दिवसांत माझ्या सवयी काही बदलल्या नव्हत्या. मग दुप्पट कसे झाले? त्यातूनच हा एपिसोड सुचला.

पहिला स्कोअर: हिरवा रंग

ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपसोबत एका वेलनेस अ‍ॅपवर फॉर्म भरायचा होता. मी चकाल्याहून घाटकोपरला येताना मेट्रोत उभ्या उभ्या तो भरला. शेवटी स्क्रीनवर हिरवा गोल आला, आत ७, खाली ‘लो रिस्क’. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

नऊ दिवसांनी आईला बीपीसाठी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्या मला शाळेत असल्यापासून ओळखतात. आई बाहेर औषधं घेत होती, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, “तुझं काय चाललंय? शुक्रवारचं अजून चालू आहे का?” म्हणजे आई आधी काहीतरी बोलली होती. मी लगेच फोन काढून हिरवा गोल दाखवला. त्यांनी तो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, “तीन पेग लिहिलेस ना? छोटे की मोठे?”

“मोठे,” मी म्हणालो.

“मग ते सहा झाले.”

‘एक ड्रिंक’ म्हणजे नक्की किती

सगळी गोम इथेच आहे. ऑडिटमध्ये ‘एक ड्रिंक’ म्हणजे एक ग्लास नव्हे, एक बाटली नव्हे, आणि आपण ओतू तो पेग तर नव्हेच. एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ग्लासात सोडा किती, बर्फ किती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हिशोब सोपा आहे. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर केलं की अल्कोहोलचे मिलिलिटर मिळतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम, म्हणून शेवटी ०.७९ ने गुणायचं.

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलिलिटरचा छोटा पेग घेतला तर ३० × ०.४२८ × ०.७९, म्हणजे १०.१ ग्रॅम. बरोब्बर एक ड्रिंक. मग ६० चा मोठा पेग म्हणजे दोन, नाइंटी म्हणजे तीन, आणि १८० ची क्वार्टर म्हणजे सहा.

बिअरमध्ये जास्त फसायला होतं, कारण ‘बिअरच तर आहे’ असं आपण म्हणतो. ६५० मिलिलिटरची बाटली ५ टक्क्यांची असेल तर अडीच ड्रिंक. तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली आणि दोन मोठे पेग यांत अल्कोहोल सारखंच असतं.

माझ्या अ‍ॅपमध्ये हे कुठेच समजावलं नव्हतं. ‘ड्रिंक’ एवढाच शब्द होता, चित्र नाही, मिलिलिटर नाही. मूळ प्रश्नावलीच्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट सूचना आहे की विचारणाऱ्यानं स्थानिक दारूची, स्थानिक मापाची उदाहरणं देऊन ड्रिंक समजावून सांगावं. आमच्या कोडिंगच्या भाषेत बोलायचं तर फंक्शन बरोबर होतं, इनपुटचं युनिट चुकलं होतं. आउटपुट हिरवा येणारच.

दहा प्रश्न, एकेक करून

डॉक्टरांनी कागद घेतला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझीच उत्तरं सांगतो, म्हणजे गुण कसे पडतात ते कळेल. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण असतात.

पहिले तीन प्रश्न पिण्याच्या प्रमाणाबद्दल आहेत.

पहिला: किती वेळा पिता? कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यातून दोन ते चार वेळा २, आठवड्यातून दोन-तीन वेळा ३, चार किंवा जास्त वेळा ४. माझं शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपसोबत आणि शनिवारी शाळेच्या मित्रांसोबत ठरलेलं. म्हणून ३.

दुसरा: ज्या दिवशी पिता, त्या दिवशी साधारण किती ड्रिंक? एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४. मी आधी ‘तीन’ समजून १ घेतला होता. खरे सहा, म्हणून २.

तिसरा: एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? कधीच नाही ०, महिन्याला एकदाही नाही १, महिन्याला २, आठवड्याला ३, रोज किंवा जवळपास रोज ४. आधी मी ‘सहा पेग? ते फक्त कोणाच्या लग्नात’ असा विचार करून १ दिला होता. पण तीन मोठे पेग म्हणजेच सहा, आणि ते दर आठवड्याला. म्हणून ३.

एवढ्यावरच ५ चे ८ झाले.

चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न अवलंबित्वाबद्दल आहेत, म्हणजे दारूनं आपल्याला धरून ठेवलंय का. हे तिन्ही गेल्या वर्षभराबद्दल असतात आणि गुणांची शिडी तिसऱ्या प्रश्नासारखीच. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं? माझं ०. पिण्यामुळे जे करायला हवं होतं ते करायचं राहिलं, असं किती वेळा? शनिवारच्या दोन रिलीज कॉलना मी जॉइन झालो नव्हतो, तापाचं कारण सांगितलं होतं. म्हणून १. आदल्या रात्री खूप प्यायल्यावर सकाळी उठून सावरायला पुन्हा घ्यावी लागली का? ०.

सातवा ते दहावा प्रश्न नुकसानाबद्दल. पिऊन झाल्यावर अपराधी वाटलं का? कधीतरी, म्हणून १. आदल्या रात्रीचं आठवेनासं झालं का? ०.

शेवटचे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांना तीनच पर्याय असतात: नाही म्हणजे ०, हो पण गेल्या वर्षात नाही म्हणजे २, आणि हो, गेल्या वर्षात म्हणजे ४. नववा: तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा झाली का? माझं ०. दहावा: नातेवाईक, मित्र, डॉक्टर किंवा आरोग्यसेवेतलं कोणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी बोलून दाखवली का, किंवा कमी करा असं सुचवलं का?

अ‍ॅपवर मी इथे ‘नाही’ दाबलं होतं. आई बोलते, पण आया काय, सगळ्याच गोष्टींवर बोलतात, असं माझं लॉजिक. डॉक्टर म्हणाल्या, “प्रश्नात आईचं बरोबर होतं का असं विचारलेलं नाही. ती बोलली का, एवढंच विचारलंय.”

बोलली होती. गणपतीच्या आधी, रात्री दीडला दार उघडताना. फार काही नाही, “रोजचं होऊ देऊ नकोस रे” एवढंच. म्हणून ४.

बेरीज करा: ३, २, ३, ०, १, ०, १, ०, ०, ४. चौदा. आधीचे सात होते. मोजमापाच्या चुकीनं तीन गुण लपले होते आणि आईचं बोलणं न मोजल्यानं चार.

पट्टे: कोणत्या स्कोअरला काय करायचं

ऑडिटच्या पुस्तिकेत स्कोअरचे चार पट्टे दिले आहेत. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे पट्टे ‘तुम्ही कोण आहात’ हे सांगत नाहीत. समोरच्या आरोग्य कर्मचाऱ्यानं पुढे काय करावं, हे सांगतात.

० ते ७: दारूबद्दल साधी माहिती द्यावी, आणि जोखीम कमी ठेवल्याबद्दल तसंच चालू ठेवायला सांगावं.

८ ते १५: कमी करण्याबद्दल साधा, सरळ सल्ला. काही मिनिटांचं बोलणं.

१६ ते १९: साधा सल्ला, त्यासोबत थोडक्यात समुपदेशन, आणि नंतरही लक्ष ठेवणं.

२० ते ४०: तज्ज्ञाकडे पाठवणं, म्हणजे नीट तपासणी करून निदान आणि उपचार ठरवता येतील.

नीट बघा, २० च्या वरही ‘व्यसनी’ असा शिक्का नाही. ‘तपासून घ्या’ असं आहे. ऑडिट ही चाळणी आहे. चाळणीत काय अडकलं ते कळतं, ते नेमकं काय आहे हे तज्ज्ञ ठरवतात.

मग ८ हाच आकडा का? ही प्रश्नावली सहा देशांत मिळून तयार झाली: ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका. प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या जवळपास १९०० लोकांना दीडशेच्या आसपास प्रश्न विचारले गेले, आणि त्यातून कामाचे दहा निवडले. हे संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झालं. ज्यांचं पिणं धोक्याचं किंवा नुकसान करणारं ठरलं होतं, त्यांच्यातल्या ९२ टक्के लोकांचा स्कोअर ८ किंवा जास्त आला. ज्यांचं तसं नव्हतं, त्यांच्यातल्या ९४ टक्क्यांचा ८ च्या खाली. म्हणजे रेषा चांगली आहे, पण शंभरातले सात-आठ जण धोक्यात असूनही खालीच राहतात. आणि ते आकडेही प्रशिक्षित माणसानं समोर बसून विचारल्यावरचे आहेत, मेट्रोत अंगठ्यानं भरलेल्या फॉर्मचे नाहीत.

ही रेषा सगळ्यांना सारखीही नाही. बायकांच्या शरीरात तेवढीच दारू जास्त परिणाम करते, म्हणून त्यांच्यासाठी आणि ६५ च्या वरच्या पुरुषांसाठी ८ ऐवजी ७ ला थांबावं असं पुस्तिका सुचवते. मैत्रिणींनो, तुमचा स्कोअर ७ असेल तर अ‍ॅपचा हिरवा रंग बघून लगेच पुढे जाऊ नका.

आणखी एक गोंधळ. काही अ‍ॅप फक्त पहिले तीन प्रश्न विचारतात. ती ऑडिटची छोटी आवृत्ती आहे, तिचा स्कोअर ० ते १२ असतो. तिथे पुरुषांसाठी ४ आणि बायकांसाठी ३ वरच ‘नीट बघा’ असं मानतात. बारापैकी सात आणि चाळीसपैकी सात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळे स्कोअर बघण्याआधी किती प्रश्न होते ते मोजा.

गोव्यात हेच पट्टे वापरून काय केलं

हे सगळं कागदावर ठीक, पण पट्टा कळून फायदा होतो का? याचं चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळतं.

‘संगाथ’ या संस्थेनं गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यामागे होते. सर्दी-खोकला, अंगदुखी अशा कुठल्याही कारणानं आरोग्य केंद्रात आलेल्या १८ ते ६५ वयाच्या पुरुषांना ऑडिट विचारलं गेलं. ज्यांचा स्कोअर १२ ते १९ आला, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला आरोग्य केंद्रातली नेहमीची सेवा, थोडी सुधारून. दुसऱ्या गटाला त्यासोबत समुपदेशन.

गंमत म्हणजे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. या क्षेत्रातलं आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. जास्तीत जास्त चार बैठका. त्यात पिणाऱ्याचं स्वतःचं चित्र त्याच्यासमोर ठेवायचं, बदलायचं का हे त्यालाच ठरवू द्यायचं, आणि मग मित्रांनी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, ताण आला तर दुसरं काय करायचं, हे शिकायचं.

तीन महिन्यांनी बघितलं. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचा स्कोअर ८ च्या खाली आला होता, दुसऱ्या गटात २६ टक्के. वर्षभरानं हे प्रमाण साधारण ५४ आणि ३२ झालं. तीन महिन्यांचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले.

मला यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, निव्वळ चार बैठकांनी एवढा फरक पडू शकतो, तेही मधल्या पट्ट्यातल्या लोकांना, जे स्वतःहून कधी व्यसनमुक्तीचं नाव काढणार नाहीत. माझा चौदा बरोबर त्याच गटात बसतो. दुसरी गोष्ट, त्यांनी ८-१५ आणि १६-१९ हे पट्टे जसेच्या तसे न घेता १२ ते १९ असा तुकडा घेतला. म्हणजे पट्ट्यांच्या रेषा दगडावरच्या नाहीत, कामासाठी आखलेल्या आहेत. पंधरा म्हणजे निवांत आणि सोळा म्हणजे संकट, असं काही नसतं.

दोन चौदा सारखे नसतात

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. डॉक्टरांनी बेरीज केल्यावर लगेच काही सांगितलं नाही. त्यांनी कागदावर चार ते सहा या प्रश्नांभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, “मी आधी इथे बघते.”

समजा दुसरा एक माणूस आहे. रोज रात्री एक क्वार्टर घेतो. पहिल्या प्रश्नाला ४, सहा ड्रिंक म्हणून दुसऱ्याला २, रोज सहा म्हणून तिसऱ्याला ४. कधीतरी थांबता येत नाही, १. आणि आठवड्यातून एकदा तरी सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घेतो, सहाव्या प्रश्नाला ३. कामाला वेळेवर जातो, अपराधी वाटत नाही, घरचे कधी काही बोललेले नाहीत. बाकी सगळी शून्यं. बेरीज चौदा.

त्याचे चौदा आणि माझे चौदा एकाच पट्ट्यात पडतात. पण माझ्याशी पाच मिनिटं बोलून चालेल, त्याला डॉक्टरांनी नीट तपासायलाच हवं. सकाळची गरज ही शरीराला दारूची सवय झाल्याची खूण आहे. अशा माणसानं जोशात येऊन उद्यापासून एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, झोप उडणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्याला सकाळी लागते, किंवा ज्याचा स्कोअर वीसच्या वर आहे, त्यानं बंद करताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. घरच्यांनी बाटली फेकून देऊन खोलीत कोंडणं हा उपाय नाही.

पुस्तिकाही हेच सांगते: बेरजेसोबत गुण कुठून आले ते बघा. दोन-तीनमधून आले तर पिण्याचं प्रमाण धोक्याचं आहे. चार ते सहामधून आले, विशेषतः आठवड्याला किंवा रोज असं उत्तर असेल, तर अवलंबित्व आलंय किंवा येऊ घातलंय. सात ते दहामधून आले तर नुकसान आधीच सुरू झालंय.

यातच एक छुपा सापळा आहे. प्रश्नावलीत वेळ वाचवायला उडी मारायची सोय आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे गुण मिळून शून्य झाले, तर चार ते आठ प्रश्न विचारायचेच नाहीत, थेट नवव्यावर जायचं. आता घरी अंदाजानं ओतलेला भलामोठा पेग कोणी ‘एकच पेग’ म्हणून सांगितला, तर दोन्ही प्रश्नांना शून्य पडतं आणि थांबता येतं का, सकाळी लागते का, हे कोणी विचारतच नाही. ग्लास चुकीचा मोजला की नुसते दोन-तीन गुण जात नाहीत, अर्धी प्रश्नावली जाते.

स्कोअर खाली कधी येतो

मला वाटलं होतं, महिनाभर नीट राहायचं, पुन्हा फॉर्म भरायचा, हिरवा गोल परत. तसं होत नाही. बरेच प्रश्न गेल्या पूर्ण वर्षाबद्दल विचारतात, त्यामुळे एका महिन्याचं शहाणपण त्यात फारसं दिसत नाही. आणि नववा-दहावा प्रश्न तर कधीच शून्यावर परत येत नाहीत. आईनं पुन्हा वर्षभर काही म्हणायची वेळ आली नाही, तर ४ चे २ होतील. ते २ कायमचे. ज्यानं पूर्ण सोडलीये त्याचेही या दोन प्रश्नांचे मिळून चार गुण उरू शकतात. यात शिक्षा काही नाही. आधी त्रास झाला होता, हे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून ते गुण ठेवलेत.

म्हणून डॉक्टरांनी मला पुन्हा स्कोअर काढायला सांगितलं नाही, ड्रिंक मोजायला सांगितलं. पुस्तिकेतली कमी जोखमीची मर्यादा अशी आहे: एका दिवशी दोन ड्रिंकच्या वर नाही, आणि आठवड्यात किमान दोन दिवस अजिबात नाही. इथे एक सांगायलाच हवं, ती पुस्तिका २००१ ची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की तब्येतीला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. आणि गाडी चालवायची असेल, पोटात बाळ असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूसोबत न चालणारी औषधं चालू असतील, तर स्कोअर कितीही असो, आकडा शून्यच.

मी घरी तीस मिलिलिटरचं माप आणलं आणि फोनच्या नोट्समध्ये तारीख आणि ड्रिंक एवढंच लिहितोय. तीन महिने झाले. शनिवार पूर्ण बंद आहे, शुक्रवारी दोन. दोन शुक्रवार घसरलो, एकदा चार झाले आणि एकदा सहा. तेही लिहिले. बिलात ‘३ लार्ज’ लिहिलेलं असतं, नोंदीत मी ६ लिहितो, आणि ६ लिहिताना हात जरा थबकतो. स्कोअरपेक्षा याचा मला जास्त उपयोग झाला.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी गेल्या दोन शुक्रवारांची बिलं काढा, मिलिलिटरचे ड्रिंक करा, मग प्रश्न सोडवा. दहाव्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या एकाला विचारून द्या. स्कोअर जास्त आला, किंवा सहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं, तर फॅमिली डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. फोनवरच बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी नंबर आहेत.

आईला मी चौदाचं सांगितलं. तिनं विचारलं, “कितीपैकी?” चाळीसपैकी म्हटल्यावर म्हणाली, “मग नापास झालास ना?” मी म्हटलं, “अगं, इथे नापास होणंच चांगलं असतं.” तिला ते फारसं पटलं नाही. पण आता शुक्रवारी साडेदहाला दार उघडते तेव्हा काही बोलत नाही, आणि तो दहावा प्रश्न चारावरून दोनावर यायला अजून काही महिने आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.